लाल फुली का पडली?

बालमित्रांनो, ‘विघटकांचे कार्य लिहा’ हा प्रश्न परीक्षेत बऱ्याचदा येतो. त्यावर पुष्कळ जण लिहितात : ‘प्राणी मेल्यावर जीवाणू त्याला कुजवतात. त्याच्यातील पोषकद्रव्ये व ऊर्जा मातीत मिसळतात आणि पुन्हा गवताला मिळतात.’ बाई त्यावर लाल फुली मारतात. मग घरी आई-बाबाही विचारतात, ‘‘अहो, यात चुकलं काय?’’

चुकला एकच शब्द : ऊर्जा!

आपण एक साखळी घेऊ. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. समजा, गवतात १०,००० ज्यूल ऊर्जा साठली आहे. नाकतोड्यांच्या अंगात त्यातली साधारण १,००० उरते, बेडकांत १०० आणि सापात जेमतेम १०. दर पायरीला सुमारे दहावा हिस्साच पुढे जातो, असं १९४२ साली रेमंड लिंडेमन या शास्त्रज्ञाच्या लेखातून पुढे आलं. हा आकडा ढोबळ आहे बरं का, कुठे कमी, कुठे जास्त.

मग बाकीची ऊर्जा गेली कुठे? नाकतोडा उड्या मारतो, श्वास घेतो. त्यात खाल्लेल्या अन्नातली बरीच ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. न खाल्लेलं गवत, विष्ठा, मेलेले जीव हे सगळं विघटकांच्या वाट्याला येतं. पण जीवाणू आणि बुरशी काही फुकट काम करत नाहीत! त्यांनाही जगायला ऊर्जा लागते. कुजत असलेल्या शेणखताच्या ढिगातून थंडीत वाफा निघताना पाहिल्यात ना? ती हीच ऊर्जा, उष्णता होऊन निघालेली.

ती नाहीशी झालेली नसते, पण गवताच्या उपयोगाचीही राहत नाही. पानातलं हरितद्रव्य फक्त प्रकाश पकडतं, उष्णता नाही. मुळं मातीतून पाणी आणि नत्र, स्फुरद यांचे क्षार घेतात. नत्राचा तोच अणू पुन्हा पुन्हा गवतात येऊ शकतो. ऊर्जा मात्र शेवटी उष्णतेच्या रूपात अवकाशात निघून जाते.

पटत नाही? मग दोन काचेच्या बरण्यांत ओलसर माती आणि छोटी रोपं लावा, झाकणं घट्ट बसवा. एक उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. दुसरी कपाटात ठेवा. दोन्हींत माती तीच, जीवाणूही तेच. उजेडातली रोपं टिकतील, अंधारातली काही दिवसांत पिवळी पडतील. ऊर्जा मातीतून मिळत असती, तर ती पिवळी का पडली असती?

तेव्हा आता असं लिहा : ‘विघटक पोषकद्रव्ये मातीत परत करतात. पोषकद्रव्यांचे चक्र असते. ऊर्जेचे वहन मात्र एकाच दिशेने होते, म्हणून सूर्याकडून ती सतत मिळावी लागते.’

आता फुली पडणार नाही!