वाकलेल्या चाकाची आतली बाजू

पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की रस्त्याच्या इतर भागासारखाच सपाट दिसतो. चाक त्यात आदळते, मोठा आवाज होतो, चालक पुढे जाऊन गाडी बाजूला घेतो आणि उतरून चाक पाहतो. टायर फुटलेला नाही, चकचकीत अलॉय व्हीलला खरचटलेलेही नाही. तो निर्धास्त होऊन गाडी पुढे काढतो. चूक इथेच होते, कारण त्याने पाहिलेली बाजू सहसा वाकत नाहीच.

अलॉय व्हीलचे आरे बहुधा बाहेरच्या तोंडाला जोडलेले असतात, त्यामुळे बाहेरच्या काठाला त्यांचा आधार मिळतो. आतला काठ, म्हणजे ब्रेक आणि सस्पेन्शनच्या बाजूचा, आऱ्यांपासून दूर असतो. नळकांड्याच्या उघड्या टोकासारखा तो जवळजवळ निराधार असतो. खड्ड्याची धार टायरला दाबत रिमपर्यंत पोहोचली की आधी तोच चपटा होतो. टायरची भिंत जितकी बुटकी, तितकी ही धार लवकर पोहोचते. 185/65 आर 15 मापाच्या टायरची भिंत सुमारे 120 मिलिमीटर उंच असते, तर 195/55 आर 16 मापाची 107. दिसायला रुबाबदार म्हणून मोठे चाक निवडले की खड्डा सोसणारे रबर असे सव्वा सेंटिमीटरने कमी होते. हवा कमी असेल तर उरलेले संरक्षणही जाते.

आमच्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत जे घडले ते म्हणून सविस्तर सांगण्याजोगे आहे. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या पुढे त्यांच्या हॅचबॅकचे पुढचे डावे चाक खड्ड्यात आदळले. टायर 195/55 आर 16 मापाचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चाकात 33 ऐवजी 26 पीएसआय हवा होती. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात फिरवला, खिळा सापडला नाही, म्हणून हवा भरून दिली. तिसऱ्या दिवशी हवा पुन्हा उतरली. शिवाय ताशी 80 च्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागले, 60 च्या खाली मात्र सारे शांत. थरथर स्टिअरिंगला जाणवली तर संशय पुढच्या चाकावर घ्यावा. सीटला आणि फ्लोअरला जाणवली तर मागच्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते बहुधा अलाइनमेंट बिघडल्याचे किंवा सस्पेन्शनचा एखादा भाग वाकल्याचे लक्षण असते. त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

सहकारी बॅलन्सिंगला गेले. मशीनने सांगितले तितकी वजने रिमला चिकटवली गेली, थरथर थोडी कमी झाली आणि काम झाले असे सांगण्यात आले. अनेक गाड्यांची तपासणी याच टप्प्यावर थांबते. बॅलन्सिंग चाकाचे वजन सारखे करते, आकार नाही. 16 इंची चाक ताशी 80 वेगात सेकंदाला सुमारे 11 फेरे घेते. त्याचा काठ एका जागी चपटा असेल तर प्रत्येक फेऱ्यात गाडीला एक हिसका बसतो. वजने कितीही लावली तरी हा हिसका जात नाही. आधी लागली त्यापेक्षा बरीच जास्त वजने एकाच चाकाला लागत असतील तर तीच वाकलेल्या रिमची खूण समजावी.

खरी तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, जॅकखेरीज दुसरा भक्कम आधार द्यावा आणि गाडीखाली शिरू नये. आतल्या काठाजवळ एखादा स्क्रूड्रायव्हर न हलणाऱ्या आधारावर टेकवून चाक हाताने हळू फिरवावे. टोक आणि काठ यांतील फट कमीजास्त होत असेल तर चाक वाकले आहे. नेमके माप गॅरेजमधला डायल गेज देतो. खपवून घेण्याची मर्यादा गाडीगणिक वेगळी असली तरी ती साधारण एक मिलिमीटरच्या घरात असते. टायरच्या आतल्या भिंतीवरही हात फिरवावा. तिथे फुगा लागला तर आतले धागे तुटलेले असतात, आणि तो टायर दुरुस्त होत नाही.

सहकाऱ्यांच्या चाकाचा आतला काठ वीतभर लांबीत तीन मिलिमीटर दबलेला निघाला. एवढेच असते तर चाक सरळ करून घ्या असे आम्हीही म्हटले असते. काठावरचा उथळ बाक हायड्रॉलिक प्रेसवर हळूहळू दाबून सरळ करता येतो. त्यानंतर डायल गेज लावून माप दाखवावे, ही मागणी ग्राहकाने करायलाच हवी. मात्र हवा भरलेले चाक उतरवून साबणाचे पाणी लावल्यावर काठापासून आत गेलेल्या केसाएवढ्या रेषेतून बुडबुडे आले. हवा रोज उतरत होती ती या भेगेतून.

दुकानदार म्हणाला, वेल्डिंग करून, घासून, रंग मारून देतो, दोन हजारांत काम होईल. नव्या चाकाची किंमत साडेनऊ हजार होती. फरक मोठा आहे, आणि मोह समजण्यासारखा आहे. पण अलॉय व्हीलचे बळ केवळ धातूत नसते, धातूला दिलेल्या उष्णतेच्या संस्कारात असते. कारखान्यात ओतीव चाक सुमारे 540 अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करतात आणि मग 160 अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याभोवतीच्या पट्ट्यातला हा संस्कार पुसला जातो आणि तिथला धातू मऊ पडतो. गॅसची ज्योत धरून चाक सरळ करणाऱ्यांबाबतही हाच धोका आहे. लोखंड तापले की लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही, त्यामुळे किती तापले हे डोळ्यांना कळतच नाही. वर रंग चढल्यावर चाक नव्यासारखे दिसते आणि पुढच्या खड्ड्यात त्याच पट्ट्यात तुटू शकते. पुढच्या चाकाची हवा वेगात एकदम गेली तर स्टिअरिंग सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. आतल्या काठाचा उथळ बाक, भेग नाही, आरे शाबूत, तर चाक सरळ करावे. भेग कुठेही असो, किंवा आऱ्याला अथवा नटबोल्टच्या भागाला इजा असो, तर चाक बदलावे. एकदा सरळ केलेले चाक त्याच जागी पुन्हा वाकले तरीही बदलावे. नवे घेताना व्यास, रुंदी, ऑफसेट, बोल्टचे अंतर आणि वजन पेलण्याची क्षमता जुन्याशी जुळवून पाहावी आणि आयएसआय खूण शोधावी. एकच चाक बदलले तरी चालते. विम्याचा दावा करण्यापूर्वी नो क्लेम बोनस किती जाईल याचा हिशेब करावा. एका चाकासाठी दावा अनेकदा तोट्याचा ठरतो.

सहकाऱ्यांनी नवे चाक बसवेपर्यंत गाडी स्टेपनीवर चालवली. अनेक अलॉयवाल्या गाड्यांची स्टेपनी लोखंडी आणि मापाने लहान असते. तिच्यावर छापलेली वेगमर्यादा पाळावी. आणि दुकानात एकच आग्रह धरावा: टायर उतरवून, धुऊन पुसून, चाकाची आतली बाजू आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या, दुरुस्तीचे मग बोलू.