घाटकोपरचे 79

घाटकोपरच्या एका घरात परवा सरासरीवरून बाप-लेकात जुंपली. लेक इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला. गणितात 62, भौतिकशास्त्रात 70, लॅबमध्ये 94, वर्कशॉपमध्ये 90. चारही गुणांची बेरीज भागिले चार, म्हणजे 79, असं त्याने जाहीर केलं. बाबा बँकेतले, त्यांनी क्रेडिट विचारले: अनुक्रमे 4, 3, 1, 1. मग एक्सेलमध्ये गुण बी रकान्यात आणि क्रेडिट सी रकान्यात भरून हे लिहिलं:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(C2:C5)
```

प्रत्येक गुणाला त्याच्या क्रेडिटने गुणायचं, बेरीज करायची (642), एकूण क्रेडिटने (9) भागायचं, उत्तर 71.33. लेकाचा चेहरा उतरला, पण बाबाच बरोबर होते: एका क्रेडिटच्या वर्कशॉपला चार क्रेडिटच्या गणिताशेजारी बसवणं ही शुद्ध लबाडी आहे. गंमत अशी की पहिल्या फटक्यात उत्तर 43.78 आलं होतं! कॉलेजच्या पोर्टलवरून चिकटवलेला 62 हा आकडा नसून मजकूर होता. SUMPRODUCT मजकुराला गुपचूप शून्य धरतं, त्याची चार क्रेडिट मात्र भाजकात राहतात, आणि एररही येत नाही. असा आकडा सहसा खणात डावीकडे चिकटलेला दिसतो; =COUNT(B2:B5) चारऐवजी तीन दाखवतो. आणि हो, मुंबई विद्यापीठाचा एसजीपीआय असाच निघतो, फक्त गुणांच्या जागी ग्रेड पॉइंट असतात. त्यामुळे 71.33 ला दहाने भागून तो काढू नका.