आधी कुटा, मग नमुना काढा: पोत्यातल्या दहा मिरच्यांचा हिशोब

या आठवड्याच्या व्हिडिओत लालबागच्या मिरची गल्लीतून मिरची कशी घ्यायची ते बघितलं. व्हिडिओत एक मुद्दा घाईत राहून गेला, आणि पैसे नेमके तिथेच बुडतात. म्हणून आज लिहितोय.

माझ्या बॅचमधल्या परळच्या एका ताईंची गोष्ट. घरगुती मिरची पूड करतात, हात चांगला, चव चांगली. नातेवाइकांच्या ओळखीने युरोपातल्या एका दुकानाची ऑर्डर मिळाली. त्यांनी २५ किलोचं पोतं घेतलं, तोंडाजवळून दोन मुठी मिरची पिशवीत भरली आणि प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिनच्या तपासणीला दिली. रिपोर्ट स्वच्छ आला. मग सगळी मिरची डंकावर कुटली, पॅक केली, पाठवली. तिकडे तपासणी झाली आणि माल नापास. ताई मला म्हणाल्या, "सर, इथल्या लॅबने मला फसवलं का हो?"

नाही. लॅबने हातात आलेल्या मिरचीचं खरं उत्तर दिलं. पण ती मिरची म्हणजे पोतं नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे: लहान उद्योजक तपासणीवर पैसे खर्च करतो आणि नमुना मात्र फुकटात उरकतो. हे उलट व्हायला हवं.

दहा मिरच्यांचं गणित

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीतून तयार होणारं विष. ओलसर राहिलेल्या मिरचीत ही बुरशी धरते. पण ती सगळ्या पोत्यात सारखी पसरत नाही. हजारो मिरच्या निर्दोष असतात आणि मोजक्या चार-दोन मिरच्यांत सगळं विष साठलेलं असतं. भाजून ते पूर्ण जात नाही, कुटूनही जात नाही. युरोपात मिरचीसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे.

आता सोपे आकडे धरू. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत. एक सुकी मिरची १ ग्रॅमची, म्हणजे पोत्यात २५,००० मिरच्या. त्यातल्या फक्त १० खराब, आणि प्रत्येकीत ५० मायक्रोग्रॅम विष. एकूण झालं ५०० मायक्रोग्रॅम. भागिले २५ किलो, म्हणजे किलोला २०. मर्यादेच्या दुप्पट. हे पोतं नापासच व्हायला हवं.

ताईंच्या पिशवीत २०० ग्रॅम, म्हणजे २०० मिरच्या होत्या. त्या २०० मध्ये या दहांपैकी एकही न येण्याची शक्यता किती? जवळपास ९२ टक्के! म्हणजे असं वाईट पोतं शंभर वेळा तपासलं, तर ९२ वेळा रिपोर्ट शून्य येणार. आणि चुकून एक खराब मिरची आलीच, तर रिपोर्ट सांगणार किलोला २५०. खरं उत्तर २०, पण हाती येणार एक तर शून्य, नाही तर २५०. मधलं काहीच नाही. मशीन कितीही महागडं असू दे, याला ते काय करणार?

त्यात मिरची तोंडाजवळून घेतलेली. पोत्याच्या तोंडाशी बहुतेक वेळा दिसायला चांगला माल असतो, आणि हलवाहलवीत सुटलेल्या बिया तळाशी जातात. म्हणजे नशिबाची चूक वेगळी आणि जागेची चूक वेगळी.

ढीग करून चार भाग: कसं करायचं

मोठ्या मालातून लहान नमुना काढायची जुनी पद्धत म्हणजे शंकूसारखा ढीग करून त्याचे चार भाग करणं. धान्य, माती, खडी, खनिज, सगळीकडे ती वापरतात. खर्च जवळपास नाहीच. एक जाड प्लास्टिकचा कागद, एक स्टीलचा स्कूप, एक पत्र्याची पट्टी, एक वजनकाटा.

कोरड्या जागी, पंखा बंद करून कागद अंथरा. सगळा माल मध्यावर ओता, शंकू होईल. मग स्कूपने तो ढीग बाजूला नवीन जागी रचा. प्रत्येक स्कूप नेमका नव्या ढिगाच्या टोकावर सोडायचा, म्हणजे माल चारही बाजूंनी सारखा घरंगळतो. असं तीन वेळा करा. मग टोक दाबून ढिगाची सारख्या जाडीची गोल चकती करा. पट्टीने अधिक चिन्हासारखे चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन भाग ठेवा, दोन बाजूला काढा. कागदावर राहिलेली बारीक धूळसुद्धा त्या त्या भागात झाडून घ्या, ती टाकायची नाही. उरलेल्या मालाचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. २५ किलोचे साडेबारा, मग सव्वासहा, असं सहा वेळा केलं की साधारण ३९० ग्रॅम उरतात.

चूक कुठे होते? टोक सरकतं तिथे. ढीग रचताना जाड कण आणि बिया घरंगळून कडेला जातात, बारीक पूड मध्यात राहते. टोक मध्यावर असेल तर चारही भागांत जाड-बारीक सारखं येतं. टोक सरकलं की एका भागात बिया जास्त, दुसऱ्यात पूड जास्त. ओळखायचं कसं? ठेवलेली जोडी आणि काढलेली जोडी दोन्ही तोला. वजनात ठळक फरक असेल तर पुन्हा रचा. मग दोन्ही जोड्यांतून १००-१०० ग्रॅम घेऊन एकाच चाळणीने चाळा आणि वर राहिलेला चाळ तोला. तो सारखा आला नाही, तर ढीग बिघडला होता.

पण अख्ख्या मिरचीवर हे करू नका

इथे बरेच जण फसतात. ताईंनी ही पद्धत शिकल्यावर पुढच्या पोत्यावर अख्ख्या मिरचीचेच ढीग करायला घेतले. मी थांबवलं.

का? आपलंच गणित बघा. सहा वेळा अर्धं केल्यावर पोत्याचा चौसष्टावा भाग उरतो. दहा खराब मिरच्यांपैकी प्रत्येकीला तिथे पोहोचायची संधी चौसष्टात एक. एकही न पोहोचण्याची शक्यता साधारण ८५ टक्के. तुम्ही कितीही हात जपून ढीग रचा, हा आकडा हलणार नाही. पद्धत जागेची चूक घालवते. पण मिरची अख्खी आहे तोवर ती एक तर या भागात जाते, नाही तर त्या भागात. अर्धी-अर्धी वाटली जात नाही.

आता तीच २५ किलो मिरची आधी कुटा. समजा प्रत्येक मिरचीचे हजार कण झाले. खराब कण झाले १०,०००. चौसष्टाव्या भागात साधारण १५६ येणार. अशा मोजणीत चढउतार साधारण संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, म्हणजे १२-१३ कणांचा, सुमारे ८ टक्के. खरं उत्तर २०, आणि तुमचा ३९० ग्रॅमचा नमुना बहुतेक वेळा १८ ते २२ च्या आत राहणार. पोतं तेच, ढीग तेच, वजन तेच. बदलला फक्त कणाचा आकार.

गोष्ट इथे संपत नाही. लॅब तुमचे ३९० ग्रॅम सगळे वापरत नाही. त्यातून समजा २५ ग्रॅम उचलले. म्हणजे खराब कण आले सरासरी १०, चढउतार ३ चा. रिपोर्ट १४ येईल किंवा २६, आणि कधीकधी १० च्या आसपासही, म्हणजे पास! मग काय करायचं? अजून बारीक करा. कणाची जाडी निम्मी केली की एका कणाचे आठ होतात, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही निम्म्या होतात. आता त्याच २५ ग्रॅममध्ये ८० खराब कण, चढउतार ९ चा, रिपोर्ट १८ ते २२. खनिजांच्या नमुन्यांवर आयुष्यभर काम केलेल्या फ्रान्सच्या पिअर गी यांच्या सूत्राचा गाभा हाच: कण दुप्पट जाड असेल, तर तेवढ्याच खात्रीसाठी नमुना आठपट लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा. कुटा, ढीग करून अर्धं करा, उरलेलं अजून बारीक दळा, मगच पुन्हा कमी करा. डंकाची भरड पूड थेट लॅबला देऊ नका. आणि डंकावर आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला चिकटलेला असतो, म्हणून आपली किलोभर मिरची आधी कुटून बाजूला काढा.

"सर, कुटल्यावर पोतं परत कोण घेणार?"

ताईंचा हा प्रश्न रास्त आहे. कुटलेली मिरची व्यापारी परत घेत नाही. म्हणून मी दोन टप्पे सांगतो.

खरेदीच्या वेळी पोतं रिकामं करून वर, मध्ये, तळाला, बऱ्याच ठिकाणांहून थोडी थोडी अशी ५ किलो मिरची घ्या. ती सगळीच्या सगळी कुटा, मग चार भाग. आपल्या पोत्यात यातूनही दहाही खराब मिरच्या निसटण्याची शक्यता ११ टक्के राहते. १० किलो घेतली तर एक टक्क्याहून कमी. किती मिरची पणाला लावायची हे ऑर्डर किती मोठी आहे त्यावर ठरवा. ५ किलोचा खर्च जड वाटत असेल, तर परत आलेल्या मालाचं भाडं आठवा. इथे नापास आलं, तर उरलेलं पोतं अख्खं आहे, व्यापाऱ्याशी बोलता येतं. हे परतीचं बोलणं मात्र खरेदीच्या आधीच करून ठेवा. पास आलं, तर ती फक्त पुढे जायची परवानगी समजा.

दुसरा टप्पा पॅकिंगच्या आधी. सगळी पूड तयार झाली की तिचाच ढीग करून नमुना काढा आणि खरा रिपोर्ट त्याचा घ्या. आणि वर्षातून एकदा तरी बाजूला काढलेली जोडीसुद्धा तशीच बारीक करून, वेगळा नंबर देऊन त्याच लॅबला पाठवा. दोन रिपोर्ट जवळजवळ आले तर तुमचा हात बसला. लांब गेले, तर लॅबशी भांडायच्या आधी आपला ढीग आणि आपली चाळणी बघा.

ताईंनी आता मुठीने नमुना घेणं सोडलंय. त्यांच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय: "रिपोर्ट पिशवीचा असतो, पोत्याचा नाही." तुमच्या पिशवीत काय जातंय, ते पुढच्या खरेदीला एकदा तोलून बघा.