पाच 'ये' आणि एक 'चालतंय की'

"अर्थ कळला ना? मग चालतंय की!" लिपीच्या बाबतीत इतकं निष्काळजी वाक्य दुसरं नसेल. गंमत म्हणजे ते म्हणणारा बहुतेक वेळा ती भाषा वाचत नसतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि माझ्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. ज्या लिपीत त्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, ती आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसलेली पश्तो. म्हणून हा लेख.

पश्तो अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, त्यामुळे लांबून ती फारसी किंवा उर्दूसारखी दिसते. पण आवाजांच्या बाबतीत तिचं आपल्याशी बरंच जमतं. फारसीत ट, ड, ण नाहीत, पश्तोत आहेत. त्यासाठी त, द, न या अक्षरांना एक छोटी कडी जोडून नवी अक्षरं केली: ټ, ډ, ڼ. तशीच कडी र ला जोडून ړ, म्हणजे साधारण 'गाडी'तला ड. आणखी एक गोष्ट मराठी माणसाने वाचून हरखावी अशी आहे. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च आपण वेगळे बोलतो, पण लिहितो एकच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हेही तसंच. पश्तोत 'चारा'तल्या च साठी څ आणि दुसऱ्या 'जग'मधल्या ज साठी ځ अशी स्वतंत्र अक्षरं आहेत. म्हणजे जी सोय आपण चारपाचशे वर्षांत केली नाही, ती त्यांनी केली. अशा जास्तीच्या तेरा अक्षरांचं श्रेय परंपरेने सोळाव्या शतकातल्या बायझीद अन्सारी, ऊर्फ पीर रोशन, यांना दिलं जातं.

आता अडचण बघा. अफगाणिस्तानात दरी, म्हणजे तिथली फारसी, आणि पश्तो दोन्ही चालतात. बरेच जण दोन्ही लिहितात. फोनवर किंवा दुकानातल्या संगणकावर फारसीचा कळफलक आधीच लावलेला असतो आणि त्यावर पश्तोची खास अक्षरं नसतात. मग टंकणारा त्यातल्या त्यात जवळचं दिसणारं अक्षर दाबतो. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांच्या गटात फिरणारी सूचना असो की हॅम्बर्गमधल्या मशिदीच्या फळ्यावरची, चुका याच असतात. खालचा मजकूर नमुन्यासाठी मी रचला आहे. त्यातल्या चुका मात्र नेहमीच्या आहेत.

```
گرانو ملگرو،
زموژ غونده د جمعی په ورخ ده.
تول سری او شخی دی راشی.
```

आणि हाच मजकूर जसा हवा तसा:

```
ګرانو ملګرو،
زموږ غونډه د جمعې په ورځ ده.
ټول سړي او ښځې دې راشي.
```

अर्थ साधा आहे: प्रिय मित्रहो, आपली सभा शुक्रवारी आहे, सगळ्या पुरुषांनी आणि स्त्रियांनी यावं. लिपी न वाचणाऱ्यालाही दोन्हींतला फरक ठिपक्यांचा आणि कड्यांचा वाटेल. तो तेवढाच आहे, आणि म्हणूनच 'चालतंय की' म्हणणं सोपं जातं.

पहिल्या ओळीत दोनदा ग आला आहे. फारसी ग वर दोन रेघा असतात, पश्तो ग ला एक रेघ आणि कडी. ही चूक सगळ्यात सौम्य. पेशावरकडच्या छापील मजकुरातही फारसी वळणाचा ग दिसतो, आणि वाचणारा अडखळत नाही. दोन्ही ठिकाणी सरळ बदलून टाकावं. शोधा-आणि-बदला एवढ्याने निभावणारी ही एकच चूक. पुढे तसं होत नाही.

दुसऱ्या ओळीत 'आपली' या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी ږ च्या जागी ژ पडला आहे. मग सगळे ژ बदलायचे का? नाही, कारण ژ हेही पश्तोचं स्वतःचं अक्षर आहे. 'भाषा' (ژبه) आणि 'जीवन' (ژوند) हे शब्द त्यानेच सुरू होतात. तिसऱ्या ओळीत हे आणखी स्पष्ट दिसतं. 'स्त्रिया' या शब्दात ښ हवा होता, तिथे ش आहे. पण त्याच ओळीतल्या शेवटच्या शब्दात, 'यावं'मध्ये, ش अगदी बरोबर आहे. सरसकट बदलाल तर एक शब्द दुरुस्त होईल आणि दुसरा बिघडेल. र चं तसंच: पूर्ण सूचनेत र पाच वेळा आला आहे, त्यातला एकच चुकीचा, 'पुरुष' या शब्दातला.

ښ या अक्षराबद्दल थोडं थांबायला हवं. कंदाहारकडे त्याचा उच्चार आपल्या मूर्धन्य ष सारखा होतो, पेशावरकडे ख सारखा. म्हणून एकाच भाषेला कुणी पश्तो म्हणतं, कुणी पख्तो. लिहिताना मात्र दोघंही پښتو असंच, त्याच एका अक्षराने लिहितात. हे अक्षर म्हणजे दोन बोलींमधला करार आहे. त्याजागी ش टंकलं की तो करार मोडतो आणि भाषेचं नाव फारसीत लिहितात तसं उरतं. भाषेचं नावच ज्या कळफलकावर नीट उमटत नाही, त्यावर 'चालतंय की' म्हणायला बराच निर्ढावलेपणा लागतो.

तिसऱ्या ओळीचा पहिला शब्द बघा. ټول म्हणजे सगळे. कडी गेली की उरतो تول, आणि त्याचा अर्थ वजन, तोल. आपल्या 'तोल'शी त्याचं साम्य कानाला लगेच कळतं. संदर्भावरून वाचणारा सावरून घेतो, हे खरं. पण ते कष्ट वाचणाऱ्याचे असतात, टंकणाऱ्याचे नव्हेत, आणि ज्याने कळफलक बनवला त्याचे तर नाहीतच.

आता खरा पेच: ये. फारसीत शब्दाच्या शेवटी एकच 'ये' येतो. पश्तोत पाच आहेत, आणि व्याकरणाचा मोठा भार त्यांच्यावर आहे.

```
ي  U+064A   سړي   पुरुष (अनेक)
ی  U+06CC   سړی   पुरुष (एक)
ې  U+06D0   ښځې   स्त्रिया
ۍ  U+06CD   अइ-वळणाची स्त्रीलिंगी नामे
ئ  U+0626   راشئ  तुम्ही या
```

म्हणजे 'मुलगा' आणि 'मुलगे' यांतला फरक जिथे आपण काना-मात्रेने दाखवतो, तिथे ते शेवटच्या 'ये'खालचे दोन ठिपके ठेवून किंवा काढून दाखवतात. 'मित्र' या शब्दात तर तीन 'ये' तीन अर्थ देतात: ملګری एक मित्र, ملګري अनेक मित्र, ملګرې मैत्रीण.

आपल्या सूचनेत शब्दाच्या शेवटी 'ये' पाच वेळा येतो आणि पाचही ठिकाणी फारसी वळणाचा ठिपक्यांविना ی टंकला आहे. खरं तर तिथे तो एकदाही नको. तीन जागी ې हवा, दोन जागी ي. कुठे कोणता, हे व्याकरण सांगतं. 'जुमा' हा शब्द स्त्रीलिंगी, त्याच्या आधी संबंध दाखवणारं 'द' आहे, म्हणून तो सामान्यरूपात जातो आणि ې घेतो. 'सगळे'नंतर पुरुष एक असू शकत नाही, म्हणून ي. 'स्त्रिया'ला ې. त्याच्या पुढचा छोटा शब्द دې, म्हणजे आपल्या 'यावं'मधला 'वं'. तो دی झाला की अर्थ होतो 'तो' किंवा 'आहे'. आणि हाच शब्द बिघडल्यामुळे शेवटचा शब्दही लटकतो: 'त्यांनी यावं' की 'तुम्ही या'? دې जागेवर असेल तरच खात्रीने पहिलं म्हणता येतं. एक चूक दुसरीची दुरुस्ती अवघड करते ती अशी.

इथवर डोळ्यांना दिसणाऱ्या चुका झाल्या. न दिसणाऱ्या आणखी वाईट. ي आणि ی शब्दाच्या शेवटी वेगळे दिसतात, पण सुरुवातीला आणि मध्ये अगदी सारखे, दोघांखालीही दोन ठिपके. वाचणाऱ्याला शब्द बरोबर दिसतो आणि शोधायला गेलं की सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत. युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही:

```python
import unicodedata as u
u.normalize("NFKC", "\u064a") == "\u06cc"
# False
```

इथे माझ्या धंद्यातले लोक खुशीत येतात आणि एक ओळ लिहितात. फारसी मजकुरावर काम करणाऱ्या कोडमध्ये ती जागोजागी असते:

```python
text = text.replace("\u064a", "\u06cc")
```

फारसीसाठी ती योग्य आहे. तिथे ही दोन अक्षरं एकाच अक्षराची रूपं आहेत. पश्तो मजकुरावर चालवली की प्रत्येक 'पुरुष अनेक' 'पुरुष एक' होतो. टंकणाऱ्याने नीट लिहिलेलंही बिघडतं, आणि ते परत आणायला यंत्राकडे काहीच उरत नाही. याला 'डेटा साफ करणं' म्हणतात. मी याला विद्रूप करणं म्हणेन.

"मग शोध चालणार कसा?" असा प्रश्न मला विचारला जातो. उत्तर अवघड नाही. शोधासाठी एक वेगळी सपाट प्रत ठेवा, तिच्यात हवी ती अक्षरं एक करा; साठवलेल्या मूळ मजकुराला हात लावू नका. आणि मजकूर पश्तो आहे की फारसी हे आधी ओळखा. ټ, ډ, ښ, ځ यांतलं एखादं अक्षर दिसलं तर फारसीचा नियम लावू नका. वरच्यासारख्या मजकुरात एकही खास अक्षर नसेल तर यंत्राने गप्प बसावं आणि पश्तो येणाऱ्या माणसाला विचारावं. कोणती अक्षरं, कोणता कळफलक, हे माहीतच नव्हतं असंही नाही. 2003 साली यूएनडीपी आणि अफगाण दळणवळण मंत्रालयासाठी मायकेल एव्हरसन आणि रूझबेह पूर्नादर यांनी ते सगळं लिहून ठेवलं आहे. आज विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हीकडे पश्तो कळफलक मिळतो. उणीव साधनांची कमी आणि आपल्या पर्वा न करण्याची जास्त.

हे दूरचं वाटत असेल तर 'दऱ्या' टंकून बघा. त्यातला तुटक र दोन प्रकारे साठवता येतो: स्वतंत्र ऱ (`U+0931`) वापरून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह (`U+200D`) लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. आता 'अदृश्य चिन्हं म्हणजे कचरा' असं समजून कुणी ती काढून टाकली, की दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या सातपुड्यातल्या दऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्याला दिलेला पगार आचार्याला जातो.

माझ्या गावाचं नाव लोणखेडा. रोमन अक्षरांत लिहिलं की त्यातला ण जातो, फारसी कळफलकावरही जातो. पश्तोच्या कळफलकावर मात्र त्यासाठी ڼ ची कळ आहे.