वजन एक टक्क्याने घटले, मोबदला सहा टक्क्यांनी! ब्रॉयलर कराराचा हिशेब कसा वाचायचा?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या काशीमीरा नाक्यावरून कोंबड्यांचे क्रेट भरलेल्या गाड्या मुंबईकडे जातात. नाक्याजवळच्या चिकन दुकानातला भाव दर आठवड्याला बदलतो. करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याच्या मोबदल्याशी मात्र त्या भावाचा थेट संबंध नसतो. त्याचा मोबदला ठरतो बॅच संपल्यावर कंपनीकडून येणाऱ्या एका कागदावर. आणि तो कागद बहुतेक जण फक्त शेवटच्या ओळीपुरता वाचतात.

कराराची रचना साधी आहे. एक दिवसाची पिल्ले, खाद्य, लसी, औषधे आणि देखरेखीला सुपरवायझर कंपनी देते. पक्षी कंपनीच्याच मालकीचे राहतात आणि साधारण सहा आठवड्यांनी तीच ते उचलते. शेड, वीज, पाणी, मजुरी, खाली पसरायचे भाताचे तूस आणि पिल्लांना ऊब देण्याचा खर्च शेतकऱ्याचा. बाजार पडला तर तोटा कंपनीचा, हा या पद्धतीचा खरा फायदा.

कागदावर काय असते?

समजा, ५,००० पिल्ले आली, २५० मेली आणि उरलेल्या ४,७५० पक्ष्यांचे वजन ९,९७५ किलो भरले. परत गेलेल्या गोण्या वजा जाता खाद्य लागले १६,००० किलो. खाद्याला वजनाने भागले की १.६० येते. हाच एफसीआर, म्हणजे एक किलो कोंबडीसाठी लागलेले खाद्य. आकडा जितका कमी, तितके चांगले.

आता कंपनी उत्पादन खर्च काढते. पिल्लू ४० रुपये, खाद्य ४० रुपये किलो, औषधे आणि देखरेख मिळून ४० हजार, असे धरले तर एकूण ८ लाख ८० हजार. म्हणजे किलोला ८८ रुपये २२ पैसे. करारातला प्रमाणित खर्च ९० रुपये असेल, तर किलोमागे १ रुपया ७८ पैसे वाचले. मूळ संगोपन दर ८ रुपये आणि बचतीतला निम्मा वाटा शेतकऱ्याचा असेल, तर त्याला किलोला ८ रुपये ८९ पैसे, एकूण सुमारे ८८,७०० रुपये मिळतील. त्यातून टीडीएस आणि जादा मरतुकीची वजावट होते. (हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक कराराचे दर आणि वाटे वेगळे असतात.)

इथे एक गोष्ट नीट पाहावी. पिल्लू आणि खाद्य शेतकरी विकत घेत नाही, तरी त्यांचे दर त्याच्या हिशेबात येतात, आणि ते दर कंपनीच ठरवते. खाद्याचा दर वाढवला आणि प्रमाणित खर्च तसाच ठेवला, तर शेतकऱ्याने काहीही न चुकता त्याची बचत आटते. हे दोन्ही आकडे करारातच एकमेकांना बांधलेले असायला हवेत.

१०० किलोंचा फरक

आता पक्षी उचलताना वजन १०० किलो कमी नोंदले गेले असे धरा. संगोपन दराने पाहिले तर नुकसान नऊशे रुपयांच्या आत वाटते. पण तेवढ्याच खर्चाला आता कमी किलो भागतात, म्हणून उत्पादन खर्च ८९ रुपये ११ पैसे होतो, बचतीचा वाटा निम्म्यावर येतो आणि मोबदला सुमारे ८३,४०० रुपयांवर घसरतो. वजनात एक टक्का गेला, हातातून ५,३०० रुपये गेले. म्हणून पक्षी उचलण्याची वेळ रात्रीची असली तरी काट्यासमोर उभे राहावे, रिकाम्या क्रेटचे वजन आधी करून घ्यावे आणि प्रत्येक पावतीचा मोबाइलवर फोटो ठेवावा.

खाद्याच्या गोण्यांचेही तसेच. न आलेल्या ५० किलोंच्या दोन गोण्या नावावर पडल्या तर याच हिशेबात दोन हजार रुपये जातात. प्रत्येक चलनावर आलेल्या गोण्या मोजून सही करावी, परत गेलेल्यांची वेगळी पावती घ्यावी. मरतुक रोजच्या रोज तक्त्यावर लिहावी, तारखेसह. पहिल्या आठवड्यात मेलेल्या पिल्लाने खाद्य फारसे खाल्लेले नसते, पण पाचव्या आठवड्यात मेलेला पक्षी खाद्य खाऊन शून्य वजन देतो आणि एफसीआर बिघडवतो. सुरुवातीलाच पिल्ले जास्त मेली तर पिल्लांच्या दर्जाचा प्रश्न विचारता येतो. मात्र त्यासाठी तारीख लिहिलेली हवी.

८८,७०० हा नफाही नव्हे. तूस, ऊब, वीज आणि मजुरी यांवर ४५ ते ५० हजार गेले, तर उरलेल्या चाळीस हजारांत शेडच्या कर्जाचा हप्ता भरायचा आणि स्वच्छतेच्या खंडासह सुमारे दोन महिने काढायचे. शेतकऱ्याला कोंबडखत विकता येते, ही एक जोड. रिकाम्या गोण्या कोणाच्या, हे करारात पाहावे.

राहिला उशीर. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरोनाच्या अफवेने कोंबडीचे भाव कोसळले होते. अशा वेळी उठाव रखडला, तर पक्षी शेडमध्ये खात राहतात, वजनवाढ मंदावते, एफसीआर वाढतो आणि पुढची बॅचही लांबते. म्हणजे बाजाराचा तोटा कंपनीचा म्हणता म्हणता मागच्या दाराने शेतकऱ्याकडे येतो. अमुक दिवसांनंतर खाल्लेले खाद्य हिशेबात धरू नये, असे कलम करारात आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे. नसेल तर ते लेखी मागावे. सुपरवायझरचा तोंडी शब्द हिशेबाच्या कागदावर येत नाही.