अतिनिद्रा आणि नार्कोलेप्सी : एक आवश्यक भेद

दिवसा वारंवार झोप येते, अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाची नोंद आपल्याकडे बहुधा ‘अतिनिद्रा’ या एकाच शब्दात होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात तिच्या निवारणार्थ विरेचन, शिरोविरेचन, वमन, व्यायाम, उपवास इत्यादी उपाय सांगितले आहेत. कफ व तम यांचे आधिक्य असलेल्या रुग्णात ते युक्तच आहेत. परंतु नार्कोलेप्सी हा व्याधी याच चौकटीत बसविणे आम्हांस मान्य नाही. या रुग्णाची चोवीस तासांतील एकूण झोप बहुधा इतरांहून फारशी अधिक नसते. त्याच्या ठिकाणी बिघडलेली असते ती झोप आणि जागृती यांमधील सीमा.

ही सीमा कशी राखली जाते, हे पाहिल्यास मुद्दा स्पष्ट होईल. स्वस्थ व्यक्ती प्रथम हलक्या व नंतर गाढ निद्रेत जाते आणि सुमारे दीड तासाने तिला पहिली ‘रेम’ निद्रा येते. या अवस्थेत बंद पापण्यांआड डोळे वेगाने फिरतात, स्पष्ट स्वप्ने पडतात आणि श्वसनाचे व डोळ्यांचे स्नायू वगळता शरीर जवळजवळ निश्चल होते. ही निश्चलता मस्तिष्कस्तंभातील केंद्रे घडवून आणतात. स्वप्नातील हालचाल प्रत्यक्षात उतरू नये, अशी ती व्यवस्था आहे. जागृती राखणारी केंद्रेही मस्तिष्कस्तंभात आणि हायपोथॅलॅमसमध्येच आहेत. हायपोथॅलॅमसच्या पुढील भागातील निद्राकेंद्र त्यांना शांत करते, तर जागेपणी ती केंद्रे निद्राकेंद्रास दाबून ठेवतात. हा तोल वारंवार ढळू नये म्हणून हायपोथॅलॅमसच्या पार्श्वभागातील सहस्रावधी पेशी ‘ओरेक्सिन’ हे द्रव्य स्रवून जागृतीच्या केंद्रांना सतत आधार देतात. ओरेक्सिनचा शोध 1998 साली लागला. पुढे 2000 साली, नार्कोलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूत नेमक्या याच पेशी बहुतांशी नष्ट झालेल्या आढळल्या. शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीनेच त्या नष्ट होत असाव्यात, असे आज मानले जाते.

आधार गेला की जागेपणी झोप घुसते आणि रात्रीची झोप तुटक होते. रेम निद्रेचे अंशही भलत्या वेळी प्रकट होतात. उदाहरणादाखल अशी एक रुग्णा कल्पू या. वैजापूरहून छत्रपती संभाजीनगरला शिक्षणासाठी आलेली अठरा वर्षांची विद्यार्थिनी वर्गात, जेवताना, एस.टी.त झोपी जाते. पंधरा मिनिटांनी ताजी होऊन उठते आणि दोन तासांनी पुन्हा पेंगते. वर्षभरात तिचे वजनही वाढले आहे. स्थौल्य आणि तंद्रा पाहून कफाधिक्याचे निदान करण्याचा मोह येथेच होतो. वस्तुतः या व्याधीच्या आरंभी वजन वाढणे हे अनेकदा आढळते.

तिला आणखी तीन प्रश्न विचारावेत. मोठ्याने हसताना गुडघे लुळे पडतात काय, किंवा हातातील वस्तू गळून पडते काय? झोपेतून जाग येऊनही काही क्षण अंग हलविता येत नाही काय? झोप लागताना खोलीत कोणी आल्याचे भास होतात काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. या अवस्थेस कॅटाप्लेक्सी म्हणतात. ती काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटे टिकते आणि तेवढ्या काळात रुग्णाला सभोवतालचे सर्व ऐकू येते. अपस्मारात स्मृतीचा लोप होतो, येथे ती शाबूत राहते. तरीही अनेक रुग्ण अपस्माराची औषधे घेत राहतात.

अर्थात प्रत्येक पेंगणारा रुग्ण नार्कोलेप्सीचा नव्हे. वाळूज वा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळी बदलत राहणारा कामगार आणि रात्री घोरून श्वास अडखळणारा गृहस्थ यांची कारणे वेगळी असतात. म्हणून एक-दोन आठवडे झोपेच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि मग रुग्णास निद्रापरीक्षणासाठी मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. रात्रीच्या नोंदीनंतर दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने त्यास पाच वेळा निजण्याची संधी दिली जाते. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा पंधरा मिनिटांच्या आत रेम निद्रा आली, तर निदानास बळकटी मिळते. काही मनोविकारांवरील औषधे रेम निद्रा दाबतात. त्यांची माहिती तज्ज्ञास अवश्य द्यावी, परंतु ती आपण होऊन बंद करू नयेत. एकाएकी बंद केल्यास कॅटाप्लेक्सीचे झटके अनावर होऊ शकतात.

नष्ट झालेल्या पेशी लंघनाने वा वमनाने परत येतात, याला आधार नाही. तज्ज्ञांची औषधे चालू ठेवून आपल्या हाती उरते ते दिनचर्येचे नियोजन : निजण्या-उठण्याची निश्चित वेळ, दुपारी ठरवून घेतलेली पंधरा-वीस मिनिटांची झोप, मध्यान्ही लघू आहार आणि झोप आटोक्यात येईपर्यंत वाहन न चालविण्याची ताकीद. दिवास्वापाचा सरसकट निषेध येथे लागू करू नये. रुग्णास आळशी ठरविणाऱ्या पालकांना व शिक्षकांना हा मेंदूचा व्याधी आहे, हे समजावून सांगणे हेही चिकित्सेचेच अंग होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.