'भाग ६' असं कोणी शोधत नाही

माझा एक मित्र गेली दोन वर्षं रात्री जागून विक्रम-वेताळाच्या गोष्टींची अ‍ॅनिमेशन मालिका करतो आहे. दिवसा नोकरी, रात्री वेताळ. चित्रं तोच काढतो, आवाज त्याची बहीण आणि दोन नाटकवाले मित्र देतात. एक भाग आठ-नऊ मिनिटांचा होतो आणि त्याला दीड-दोन महिने लागतात. भाग तयार झाला की मग एक शेवटचं काम उरतं: यूट्यूबवर शीर्षक, वर्णन, प्रकरणं आणि टॅग भरणं. हे काम तो रात्री दोन वाजता, डोळे मिटत असताना, पाच मिनिटांत उरकायचा. सहाव्या भागाचं शीर्षक त्यानं असं दिलं होतं:

```
Vikram Vetal Ep 06 | Marathi Cartoon | Marathi Goshti | Marathi Story | New
```

माझं भांडण या ओळीशी आहे. ती मित्रानं मनानं लिहिलेली नाही. एका 'सोशल मीडिया वाढवून देतो' म्हणणाऱ्या माणसाला त्यानं पैसे दिले होते, त्यानं हा साचा दिला. सोबत टॅगची एक यादीही दिली, त्यात 'छोटा भीम', 'मोटू पतलू', 'डोरेमॉन' अशी नावं होती. "सर्चमध्ये यायचं असेल तर हे टाकावंच लागतं," असं त्याचं म्हणणं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. सर्च हा काही जादूटोणा नाही एवढं मला कळतं. म्हणून ही ओळ शोधणाऱ्याच्या बाजूनं वाचून बघा. त्यातला एकही शब्द या भागाचा नाही. पाचव्या भागाला लावा, पंचविसाव्या भागाला लावा, फक्त आकडा बदलेल. आणि 'विक्रम वेताळ भाग ६' असं जगात कोण शोधतं? ज्यानं पाचवा पाहिलाय तो प्लेलिस्टमधून सहाव्यावर जाईल, त्याला सर्च नकोच. सर्च लागतो तो ज्यानं मालिकेचं नावही ऐकलेलं नाही, पण गोष्ट कधीतरी ऐकली आहे त्याला. त्याला आकडा आठवत नाही. त्याला आठवतं ते एवढंच: "ती नाही का, दोघांची डोकी बदलतात ती."

सहावी गोष्ट नेमकी हीच आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तली. मदनसुंदरी, तिचा नवरा धवल आणि तिचा भाऊ वाटेत देवीच्या देवळापाशी थांबतात. नवरा आत जाऊन स्वतःचं डोकं उडवतो, त्याला शोधायला गेलेला भाऊही तेच करतो. मदनसुंदरी जीव द्यायला निघते तेव्हा देवी सांगते, डोकी धडांना लाव, दोघं उठतील. घाईत ती नवऱ्याचं डोकं भावाच्या धडाला लावते आणि भावाचं नवऱ्याच्या. वेताळ विचारतो, आता हिचा नवरा कोण?

एवढा जबरदस्त प्रश्न हातात असताना शीर्षकात 'Marathi Story New' लिहायचं! आम्ही शेवटी लिहिलं ते असं:

```
डोकी बदलली, आता नवरा कोण? | विक्रम आणि वेताळ, भाग ६ | Vikram Vetal Marathi
```

यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरं देतं, पण फोनवरच्या सर्चमध्ये दोनेक ओळीच दिसतात. म्हणून या भागाचं जे आहे ते आधी, मालिकेचं नाव मधे, आकडा त्याच्यामागे. रोमन तुकडा मी हट्टानं काढणार होतो, पण मित्रानं स्टुडिओतला अहवाल उघडून दाखवला. Analytics मध्ये Traffic source, तिथे YouTube search, की लोकांनी काय टाइप करून व्हिडिओ गाठला ती यादी मिळते. यादीत देवनागरी होती, पण रोमनही होती, आणि रोमनमध्ये एकाच वेताळाची पाच रूपं होती. आपण फोनवर मराठी असंच लिहितो, हे मान्य करायला हवं. ते न मानता देवनागरीचा झेंडा रोवला तर आपलीच माणसं बाहेर राहतात. मात्र उलट दिशेची चूक जास्त होते: 'मराठीत कोण शोधतंय' असं म्हणून अख्खं शीर्षकच रोमन करून टाकायचं. मग 'डोकी बदलली गोष्ट' असं देवनागरीत लिहिणाऱ्या आजीसाठी तुमच्याकडे एकही जुळणारा शब्द उरत नाही.

आता टॅग. या चौकटीवर लोक जेवढा घाम गाळतात तेवढा कशावरच नाही. यूट्यूबच्या मदत-पानावर स्वच्छ लिहिलेलं आहे की लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग नेहमी चुकवतात त्यासाठी टॅग उपयोगी पडू शकतात, एरवी व्हिडिओ सापडण्यात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. एवढं वाचायला दोन मिनिटं लागतात. तरी ५०० अक्षरांची ती जागा ठासून भरून देण्याचे पैसे घेणारे आहेत आणि देणारेही आहेत.

गंमत म्हणजे वेताळाला टॅगचा खरा उपयोग आहे, कारण त्याचं नावच कुणाला धड लिहिता येत नाही. हिंदीत तो 'बेताल' आहे. १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' आलं आणि मराठी घरांतही तोच उच्चार बसला. (मराठीत 'बेताल' म्हणजे ताल सुटलेला, पण झाडावर उलट्या लटकणाऱ्या प्रेताला हे सांगणार कोण.) त्यामुळे टॅगच्या चौकटीत आम्ही फक्त ही चुकलेली आणि उसनी रूपं ठेवली आणि थांबलो:

```
vikram betal marathi, vikram vetaal, vikram vaital, बेताल पच्चीसी, वेताळ पंचवीशी
```

'छोटा भीम' काढताना मित्र कचरला. "पण त्यानं थोडे तरी लोक येतील ना?" समजा आले. पाच वर्षांच्या पोराला भीम हवा होता, त्याच्या आईनं तो शोधला आणि समोर आलं काय, तर स्मशान आणि उडवलेली डोकी. ती दहा सेकंदांत बंद करणार. लोक अमुक शब्द शोधून आले आणि व्हिडिओ किती पाहिला, हे यूट्यूब सर्चचा क्रम लावताना बघतं. म्हणजे फसवून आणलेला माणूस तुमच्याविरुद्ध साक्ष देऊन जातो. शिवाय व्हिडिओत नसलेल्या गोष्टींची नावं शीर्षकात, वर्णनात किंवा टॅगमध्ये घालणं यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही, व्हिडिओ काढला जाऊ शकतो. पण हे दोन्ही बाजूला ठेवलं तरी ते खोटं आहे, आणि लहान मुलाला सांगितलेलं खोटं आहे. मला तेवढं कारण पुरतं.

मग दुसऱ्याचं नाव कधीच घ्यायचं नाही का? घ्यायचं, खरं असेल तर. या गोष्टीवरून थॉमस मान यांनी १९४० मध्ये कादंबरी लिहिली आणि तिच्या वाटेनं गिरीश कर्नाडांचं 'हयवदन' आलं. तिथे नवरा आणि भाऊ राहत नाहीत, नवरा आणि मित्र होतात, आणि सगळा पेच पालटतो. 'हयवदन' अभ्यासाला असणारी मुलं त्याची मूळ कथा शोधत असतात. वर्णनात आम्ही हे दोन वाक्यांत लिहिलं. नाव मोठं आहे म्हणून ते घेतलेलं नाही, नातं खरं आहे म्हणून घेतलं. 'छोटा भीम' आणि 'हयवदन' यांच्यातला फरक ज्याला कळतो त्याला बाकीचं सर्चचं शास्त्र शिकवायची फारशी गरज नाही.

वर्णनाला ५००० अक्षरांची जागा असते, पण 'अधिक' दाबल्याशिवाय दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळी. बहुतेक मराठी वाहिन्यांवर तिथे काय असतं? 'नमस्कार मित्रांनो, चॅनलला लाइक, शेअर, सबस्क्राइब करा.' खाली तीस हॅशटॅग. आम्ही पहिल्या ओळीत मदनसुंदरी, देऊळ, डोकी आणि प्रश्न मांडला, साध्या वाक्यांत, जसं एखाद्याला फोनवर सांगावं तसं. कारण शोधणाराही तसंच सांगत असतो, फक्त यंत्राला. आवाज कुणाचे, गोष्ट कुठली, हे त्याखाली.

प्रकरणांवर आमची एक अख्खी रविवारची दुपार गेली. मित्रानं वेळा लिहिल्या होत्या, तरी व्हिडिओखालची पट्टी तुकड्यांत विभागली जात नव्हती. पट्टी सलग दिसली की समजायचं, प्रकरणं लागलेली नाहीत. नियम तीनच आहेत: पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमानं हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचं हवं. याचं शीर्षकगीत आठ सेकंदांचं, आणि त्याला त्यानं कौतुकानं स्वतंत्र प्रकरण दिलं होतं. त्या आठ सेकंदांनी बाकीची सगळी प्रकरणं बुडवली. गीत पुढच्या प्रकरणात मिसळलं आणि पट्टी लगेच तुटली.

```
0:00 स्मशानाच्या वाटेवर
0:50 मदनसुंदरी आणि धवल
3:10 देवीच्या देवळात
5:05 डोकी बदलली
6:30 वेताळाचा प्रश्न
7:20 राजाचं उत्तर
```

आधी इथे 'Intro', 'Part 1', 'Part 2', 'Climax' होतं. प्रकरणांची नावं गुगलच्या शोधातही व्हिडिओखाली दिसू शकतात, आणि 'Part 2' वाचून कुणाला काय कळणार? उलट दुसरा धोका असा की सापडावं म्हणून सगळंच सांगून टाकायचं. 'नवरा तोच ज्याचं डोकं नवऱ्याचं' असं शेवटच्या प्रकरणाला नाव दिलं असतं तर ते सापडलं असतं, पण मग वेताळाला प्रश्न विचारायचं कारणच राहिलं नसतं.

आमच्या साहित्यिक मित्रमंडळींना हे सगळं बाजारू वाटतं. चांगलं असेल ते आपोआप पोचतं, असं ते म्हणतात. कुठे पोचतं? छापील अंकाला निदान अनुक्रमणिका होती, मुखपृष्ठ होतं, दुकानदार होता. इथे अनुक्रमणिका तुम्हीच लिहायची आहे, आणि ती लिहायला तुम्हाला कमीपणा वाटला की ती लिहितो तो 'वाढवून देतो' म्हणणारा. दीड महिना संवादातला एकेक शब्द घासणाऱ्या माणसानं मालिकेचे सर्वात जास्त वाचले जाणारे शब्द परक्याच्या साच्यातून घ्यावेत, हे मला बाजारूपणापेक्षा वाईट वाटतं.

याचा अर्थ शीर्षक बदललं आणि गर्दी लोटली, असं झालेलं नाही. यूट्यूबवर लोटणारी गर्दी बहुधा सर्चमधून येत नाही, ती होमपेज आणि 'पुढे पाहा'मधून येते, आणि तिथे थंबनेलचं राज्य असतं. सर्चमधून एकेक माणूस येतो. पण तो नेमकी हीच गोष्ट शोधत येतो आणि शेवटपर्यंत बसतो. या गोष्टी हजार वर्षं जुन्या आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षीही कुणीतरी त्या शोधणारच. अहवालाच्या यादीत परवा एक ओळ आली: 'डोके बदलते ती वेताळची गोष्ट'. मित्रानं तिचा स्क्रीनशॉट मला रात्री दीडला पाठवला.

आता आमचा वाद शेवटच्या कोड्यावर अडला आहे. बाप एका मुलीशी लग्न करतो आणि मुलगा तिच्या आईशी, त्यांची मुलं एकमेकांची कोण? या एकाच प्रश्नाला राजाकडे उत्तर नसतं, तो गप्प चालत राहतो. मित्र म्हणतो, सगळ्या भागांत शेवटचं प्रकरण 'राजाचं उत्तर' आहे, तर इथेही तेच ठेवू. मी म्हणतो, ते खोटं होईल. 'राजा गप्प' लिहिलं तर गोष्टच फुटते. भाग अजून अपलोड झालेला नाही.